सहा महिने म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?

प्रश्न: मी रत्नागिरीत राहते, शाळेतून निवृत्त झालेय. घराचा वरचा मजला १ डिसेंबरपासून बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांना दिला होता. करार अकरा महिन्यांचा, भाडं ९,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. करारात दोनच ओळी होत्या : ‘लॉक-इन कालावधी सहा महिने राहील’ आणि ‘जागा सोडण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी’. १२ मे रोजी त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला की बदली झालीय, महिन्याभरात सोडतो. मी ‘बरं, बघू’ असं लिहिलं. मग एजंट म्हणाला, लॉक-इनमध्ये नोटीस देताच येत नाही आणि व्हॉट्सॲप म्हणजे लेखी नव्हे. तसं कळवल्यावर त्यांनी ३ जूनला कागदावर नोटीस आणून दिली आणि १२ जूनला किल्ल्या देऊन गेले. एजंटच्या हिशेबाने नोटीस जुलैअखेर संपते, म्हणजे १८,००० कापायचे. ते म्हणतात, १२ जूनपर्यंतचे ३,६०० कापा आणि २६,४०० परत करा. १० जुलैपासून सिव्हिलमधल्या एक नर्सबाई राहायला येणार आहेत. यांना किती द्यावेत, आणि नव्या करारात या दोन ओळी कशा लिहू?
— एक घरमालकीण, रत्नागिरी

ताई,

पैशांचं आधी सांगतो. २६,४०० द्या. लाइटबिलाचं काही राहिलं असेल तर तेवढं रीडिंगप्रमाणे वळतं करा, पण भाडं म्हणून ३,६०० च्या वर कापू नका.

तुम्हाला हे पटायला जड जाईल, कारण एजंट जे म्हणाला ते अगदीच हवेतलं नाही. त्या दोन ओळींमधून त्याचा अर्थही निघतो आणि तुमच्या भाडेकरूचाही निघतो. ओळी कागदावर दोनच आहेत, पण त्यांच्यात तीन प्रश्न उघडे राहिलेत. लॉक-इन चालू असताना नोटीस द्यायला बंदी आहे का? ‘एक महिना’ हा तारखेपासून तारखेपर्यंत मोजायचा, की कॅलेंडरचा अख्खा महिना भरायला हवा? आणि नोटीस ‘दिली’ असं कधी म्हणायचं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका बाजूने दिलं की शेवटचा दिवस १२ जून येतो. पहिलं उत्तर बदललं की ३० जून येतो. तिन्ही बदलली की ३१ जुलै येतो. एकाच कागदातून ३,६००, ९,००० आणि १८,००० असे तीन आकडे निघतात, आणि जो तो आपल्या सोयीचा आकडा धरून बसतो. भाड्याची भांडणं माणसांच्या खोडसाळपणातून होतात असा आपला समज असतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांत खोडी कोणाचीच नव्हती, कागदावर तारीख नव्हती इतकंच.

आता २६,४०० का, ते बघू. लॉक-इनचं काम भाडेकरूने मध्येच उठून जाऊ नये एवढंच असतं. तुमच्या करारात ते सहा महिने ३१ मे रोजी पुरे झाले आणि हे गृहस्थ त्यानंतर, १२ जूनला बाहेर पडले. लॉक-इनमध्ये त्यांनी सांगितलं फक्त, सोडलं नाही. ‘या काळात नोटीसही देता येणार नाही’ अशी अट घालता येते, बरेच मालक घालतातही. पण ती लिहावी लागते. एजंटच्या डोक्यात ती अट होती, कागदावर नव्हती. राहत्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सबद्दल महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ सांगतं की लेखी करारात जे नमूद आहे तोच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे ‘तेव्हा एजंट असं म्हणाला होता’ याला फारसं वजन उरत नाही. शिवाय मसुदा तुमच्या बाजूने आला होता. ज्याने कागद लिहून आणला, संदिग्ध शब्दाचा तोटा त्यालाच सोसायला लावण्याकडे न्यायालयांचा कल असतो.

महिन्याचं म्हणाल तर करारात दुसरं काही लिहिलेलं नसताना एक महिना हा सहसा तारखेपासून त्याच तारखेपर्यंत मोजला जातो. १२ मे ते १२ जून. अख्खा जून भरायला हवा, असं म्हणायला ‘पूर्ण कॅलेंडर महिना’ असे शब्द तिथे असायला हवे होते.

व्हॉट्सॲपचा मुद्दा थोडा नाजूक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ प्रमाणे, कायद्याने जी गोष्ट लेखी मागितली आहे ती इलेक्ट्रॉनिक रूपात दिली तरी चालते, मात्र ती नंतर उघडून पाहता आली पाहिजे. तुमच्या करारातला ‘लेखी’ हा शब्द कायद्याने घातलेला नाही, तुम्हा दोघांचा आहे. त्यामुळे त्यावर वाद घालायला जागा आहे. पण तुम्ही त्या मेसेजला उत्तर दिलंत. ‘हे चालणार नाही, कागद द्या’ असं त्याच दिवशी लिहिलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. ‘बरं, बघू’ हे आपल्याकडे होकार-नकाराच्या मधलं बोलणं असतं हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. पण तिसरा माणूस ते वाचेल तेव्हा ‘बातमी पोचली आणि बाईंनी हरकत घेतली नाही’ एवढंच वाचेल.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी जुलै तुम्हाला मिळणार नाही. १० जुलैला नर्सबाई येणार. १० ते ३१ जुलै या २२ दिवसांचं भाडं, रोजचे ३०० धरले तर ६,६०० रुपये, तुम्ही दोघांकडून घेतल्यासारखं होईल. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७३ नुकसान मोजताना ते टाळायला काय करता येत होतं हे बघायला सांगतं, आणि कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळेल. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. जागा रिकामी राहिली नाही, तर नुकसानही त्या दिवसांपुरतं उरत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती मी लपवत नाही. भाडेकरूचा मेसेज ‘महिन्याभरात सोडतो’ असा होता. त्यात तारीख नव्हती. ‘महिन्याभरात’ म्हणजे १२ जून की त्याआधी कधीतरी? त्यांनी नेमकी १२ तारीख पाळली म्हणून निभावलं. पाच तारखेलाच गेले असते तर चौथा वाद उभा राहिला असता.

आता नव्या कराराकडे वळू. त्यातच खरं काम आहे.

ऑनलाइन नोंदणीच्या भाडेकरारांत लॉक-इनचा एक ठराविक मजकूर बहुधा छापलेलाच येतो. त्याचा आशय असा असतो : अमुक महिने लॉक-इन, या काळात मालकाने उठवायचं नाही आणि भाडेकरूने सोडायचं नाही, भाडेकरूने सोडलंच तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यायचं, मालकाने उठवलं तर भाडेकरूला झालेला त्रास आणि नुकसान भरून द्यायचं. एजंट त्यात फक्त महिन्यांचा आकडा भरतो. हा मजकूर दोन्ही अंगांनी अर्धवट आहे. भाडेकरूने किती द्यायचं ते गणिताने कळतं, मालकाने किती द्यायचं ते कळत नाही. ‘त्रास’ किती रुपयांचा असतो? यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. तुमच्याकडे मुंबईची मंडळी उतरणार, घर भरणार, आणि ‘वरचा मजला महिनाभर मिळाला असता तर’ असं कोणीतरी म्हणणार. त्या दिवशी तुम्हालाही कळायला हवं की तसं म्हणायची किंमत किती. लॉक-इन मालकालाही बांधतं, हे कोकणात घर भाड्याने देणारे निम्मे लोक गणपतीच्या तोंडावर शिकतात.

मी गेली कित्येक वर्षं एकच पथ्य पाळतो. महिन्यांचा आकडा लिहायचा असेल तर जोडीला तारीख लिहायची, आणि दोघांत फरक पडला तर तारीख धरायची असंही लिहायचं. तुमचा नवा करार १० जुलै २०२६ पासून आहे, म्हणून अकरा महिने ९ जून २०२७ ला संपतील आणि सहा महिन्यांचं लॉक-इन ९ जानेवारी २०२७ ला. महिन्याच्या मधल्या तारखेला सुरू होणाऱ्या करारात हे फार महत्त्वाचं असतं, कारण ‘सहा महिने’ म्हटल्यावर कोणी डिसेंबरअखेर धरतं, कोणी जानेवारीअखेर. लॉक-इनचं कलम असं लिहा :

“लॉक-इनचा काळ दि. १० जुलै २०२६ ते दि. ९ जानेवारी २०२७ असा राहील. दोन्ही दिवस त्यात धरले आहेत. या काळात भाडेकरू जागा सोडणार नाहीत आणि मालक जागा रिकामी करण्यास सांगणार नाहीत. या काळातही नोटीस देता येईल, मात्र अशा नोटीशीने करार दि. ९ जानेवारी २०२७ च्या आधी संपणार नाही.”

शेवटचं वाक्य वाचून कदाचित तुमच्या मनात येईल, नोटीसही लॉक-इननंतरच द्यायची अशी अट का नको? घालू शकता. मग ‘या काळात दिलेली नोटीस दि. १० जानेवारी २०२७ रोजी दिली असे समजावे’ असं लिहा. कायद्याने दोन्ही चालतं. पण त्याचा अर्थ लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं झालं, आणि समोरच्या बाईंना ते आधी सांगायला हवं. माझं मत विचाराल तर आधी नोटीस येऊ देण्यात तुमचाच फायदा आहे. डिसेंबरात कळलं तर जानेवारीसाठी माणूस शोधायला महिना हातात मिळतो.

त्यापुढे नोटीशीचं कलम. इथे ‘महिना’ हा शब्द मी काढूनच टाकतो आणि दिवस लिहितो. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, जुलै एकतीसचा. ३० दिवस मात्र नेहमी तीसच असतात.

“लॉक-इननंतर दोघांपैकी कोणीही, कारण न देता, ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन हा करार संपवू शकेल. नोटीस महिन्याच्या कोणत्याही तारखेला देता येईल. नोटीस पोचल्याचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजावे. तिसावा दिवस हा कराराचा शेवटचा दिवस. तो दिवस लॉक-इनच्या काळात येत असेल तर करार दि. ९ जानेवारी २०२७ रोजी संपेल. अपुऱ्या महिन्याचे भाडे दररोज मासिक भाड्याच्या तिसाव्या भागाप्रमाणे मोजावे. नोटीस कमी दिवसांची दिल्यास जितके दिवस कमी, तितक्या दिवसांचे भाडे द्यावे.”

‘कारण न देता’ हे तीन शब्द मुद्दाम आहेत. छापील मजकुरात बरेचदा असं असतं की भाडेकरू केव्हाही नोटीस देऊ शकतो, पण मालक नोटीस देऊ शकतो ती भाडं थकलं किंवा अटी मोडल्या तरच. तुम्ही तो न वाचता सही केलीत, तर लॉक-इननंतरही तुमच्या हातात साधी नोटीस उरत नाही. तसंच हवं असेल तर तसं ठेवा, पण वाचून ठेवा. आणि भाडं थकल्याचा मामला वेगळा आहे, त्याचं वेगळं कलम लागतं. लॉक-इन आहे म्हणून भाडं न देता सहा महिने राहता येतं असा अर्थ कोणी काढू नये.

यानंतर नोटीस पोचण्याची गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते, टॉवर बंद पडतो. ‘मी पाठवला होता’ आणि ‘मला मिळाला नाही’ ही दोन्ही वाक्यं पावसाळ्यात एकाच वेळी खरी असू शकतात. म्हणून :

“नोटीस (अ) हातात देऊन सही घेऊन, (ब) या करारातील पत्त्यावर स्पीड पोस्टाने, किंवा (क) या करारात लिहिलेल्या मोबाइल क्रमांकावर व्हॉट्सॲपने द्यावी. नोटीस पोचल्याचा दिवस म्हणजे (अ) मध्ये सहीचा दिवस, (ब) मध्ये पोस्टाच्या नोंदीत पोचल्याचा किंवा घेण्यास नकार दिल्याचा दिवस, आणि (क) मध्ये संदेशावर दोन टिक दिसल्याचा दिवस. टिक निळी झालेली असणे आवश्यक नाही. नोटीशीत ‘नोटीस’ हा शब्द आणि जागा सोडण्याची तारीख असली पाहिजे.”

निळ्या टिकेवर अवलंबून राहू नका. ती सेटिंगमधून बंद करता येते, आणि वाचलं न वाचल्यासारखं करणाऱ्यांना हे आधीच माहीत असतं. मोबाइल क्रमांक करारात दोघींचे लिहा, आणि क्रमांक बदलला तर कळवायची जबाबदारी बदलणाऱ्याची, एवढी ओळ जोडा.

आता भरपाई. लॉक-इन मोडलं तर काय, हे न लिहिता नुसतं लॉक-इन लिहिणं म्हणजे गडग्याला पायरी ठेवून कुंपण घातलं म्हणणं. पण उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं लावणंही टिकत नाही, कलम ७४ चं वर सांगितलंच. समजा नर्सबाई ऑगस्टअखेर गेल्या आणि तुम्हाला ऑक्टोबरात दुसरं माणूस मिळालं, तर जानेवारीपर्यंतचे पैसे मागताना तुमचाच आवाज खाली येईल. म्हणून प्रत्यक्ष जागा रिकामी राहिली तेवढ्याच दिवसांची, आणि वर एक मर्यादा घालून लिहा :

“लॉक-इनच्या काळात भाडेकरूंनी जागा सोडल्यास, ताबा दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लॉक-इन संपेपर्यंत किंवा जागेत नवा भाडेकरू येईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, रोजच्या भाड्याने भरपाई द्यावी, ही रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असणार नाही. मालकांनी लॉक-इनच्या काळात जागा रिकामी करण्यास सांगितल्यास, आणि भाडेकरूंनी ते मान्य केल्यास, मालकांनी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम ताबा घेतानाच द्यावी. एकाच दिवसासाठी लॉक-इनची भरपाई आणि नोटीशीचे भाडे अशी दोन्ही रक्कम घेतली जाणार नाही.”

शेवटचं वाक्य कोणी लिहीत नाही आणि तिथेच सर्वांत कडू भांडणं होतात. माणूस लॉक-इनमध्ये, नोटीस न देता गेला, की मालक लॉक-इनचे दोन महिने धरतो, वर नोटीशीचा एक महिना धरतो आणि डिपॉझिट शून्यावर आणतो. रिकामा महिना एकच असतो, त्याचे पैसे दोन नावांनी घेतले जातात. मी स्वतः तरुणपणी चिपळूणला भाड्याने राहत असताना असं डिपॉझिट घालवलेलं आहे, आणि तेव्हा मला ते गणित समजलंही नव्हतं.

भाडेकरू नर्स आहेत, म्हणजे बहुधा सरकारी नोकरीत. बदलीचा विचार करायलाच हवा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायला सांगतो. तुमचं आधीचं लॉक-इन ३१ मे पर्यंत होतं, म्हणजे बरोबर बदल्यांच्या हंगामावर बसलेलं. नवं ९ जानेवारीला संपतं, त्यामुळे टक्कर होण्याची शक्यता आपोआप कमी झालीय. तरी मधल्या काळातही बदली होऊ शकते, तेव्हा ही सवलत द्यावी असं मला वाटतं :

“भाडेकरूंची रत्नागिरी तालुक्याबाहेर बदली झाल्यास आणि त्यांनी बदलीच्या लेखी आदेशाची प्रत दिल्यास लॉक-इनची भरपाई लागू होणार नाही आणि करार नोटीशीच्या तिसाव्या दिवशी संपेल, तो दिवस लॉक-इनमध्ये असला तरी.”

‘तालुक्याबाहेर’ हे लिहायला विसरू नका. नाहीतर शहरातल्या शहरात एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेल्या तरी ती बदलीच. आणि ‘तो दिवस लॉक-इनमध्ये असला तरी’ हे नसेल, तर आधीच्या कलमातलं ९ जानेवारीचं वाक्य या सवलतीला खाऊन टाकेल.

मुदत संपण्याबद्दल एकच ओळ पुरे : “दि. ९ जून २०२७ रोजी करार आपोआप संपेल, त्यासाठी कोणालाही नोटीस द्यावी लागणार नाही.” मुदत संपूनही राहणं हा नोटीशीचा विषय नाही. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहत्या जागेचा ताबा न देणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तो दुप्पट दर उचलून काहीजण नोटीशीच्या कमी दिवसांना लावतात, ते बरोबर नाही. आणि तुमच्या शेजारीपाजारी कोणी म्हणालं की जास्त दिवस राहिल्या तर कूळ लागेल, तर त्यांना सांगा की कूळकायदा शेतजमिनीचा आहे, माडीचा नाही.

आता हे सगळं कागदावर आणायचं कसं. एजंट म्हणेल, छापील मजकूर बदलता येत नाही. न बदलो. आपली कलमं ‘इतर अटी’ म्हणून खाली घालायला सांगा आणि त्यांच्या सुरुवातीला एक ओळ लिहा : “नोटीस व लॉक-इनबाबत या करारातील इतर मजकूर आणि पुढील अटी यांत विसंगती असल्यास पुढील अटी धराव्यात.” ही ओळ नसेल तर वर छापलेलं एक आणि खाली लिहिलेलं दुसरं, असा नवाच घोळ होतो. वरच्या रकान्यांत लॉक-इनचे ‘सहा महिने’ आणि नोटीशीचा ‘एक महिना’ भरलाच जाणार, तो भरू द्या. अंगठा देण्याआधी मसुद्याची प्रत मागून घ्या आणि घरी शांतपणे वाचा. आणि नोंदणी टाळू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मग वरचे सगळे नेमके शब्द तुमच्या कपाटातच राहतात.

जुन्या भाडेकरूंना पैसे बँकेतून पाठवा, हातात देऊ नका. सोबत मेसेज करा : ‘१ ते १२ जूनचं भाडं ३,६०० वजा करून डिपॉझिटचे २६,४०० पाठवले. यापुढे आपलं एकमेकांकडे काही येणं नाही. मिळाल्याचं कळवा.’ त्यांचं उत्तर जपून ठेवा.

आणि १० तारखेच्या आधी एखाद्या दुपारी नर्सबाईंना चहाला बोलवा, कलमांची प्रत त्यांच्या हातात द्या आणि दोघी वेगवेगळ्या कागदांवर एकच गणित करा : १२ डिसेंबरला नोटीस पोचली तर शेवटचा दिवस कोणता आणि १० जानेवारीपासूनचं भाडं किती? १३ डिसेंबर हा पहिला दिवस, म्हणून तिसावा ११ जानेवारी. दोन दिवसांचे ६०० रुपये. दुसरं गणित १ डिसेंबरच्या नोटीशीचं करा. त्याचं उत्तर ९ जानेवारी यायला हवं. दोघींची उत्तरं जुळली तर एजंटकडे जा. जुळली नाहीत तर कुठल्या शब्दापाशी वाटा फुटल्या ते मला लिहून कळवा, तो शब्द बदलू.